वीज गेल्यावरची चाल : बदलत्या शॉकअपचा आणि त्याच्या बिघाड-संदेशाचा इतिहास

मोटारीचा शॉकअप बिघडला की गाडीने आपणहून तसे सांगावे, ही गोष्ट फार जुनी नाही. अँबेसिडर आणि पद्मिनीच्या काळात शॉकअप गळू लागला तर तेलाचे ओघळ डोळ्यांनी दिसत, खड्ड्यानंतर गाडी तीन-चार वेळा डुले, आणि एखादा जाणता मिस्त्री बॉनेटवर दोन्ही हातांनी दाब देऊन सोडून निदान करी. गाडी स्वतः मुकी होती. आज बीडच्या रस्त्यांवर तुरळक का होईना, अशा गाड्या दिसू लागल्या आहेत ज्यांत बटण दाबून चाल मऊ किंवा कडक करता येते. एखाद्या दिवशी त्यांच्याच पडद्यावर शॉकअपमध्ये बिघाड असल्याचा पिवळा संदेश उमटतो. त्यानंतर बटण कितीही दाबले तरी चाल बदलत नाही, आणि जी चाल उरते ती नेहमीची नसते.

ही उरलेली चाल कोण ठरवतो? या प्रश्नाचा माग काढताना माझ्या लक्षात आले की ती बिघाडाने ठरत नाही. झडपेची वीज गेली तर शॉकअपने कसे वागावे, हे आराखडा करणाऱ्यांनी गाडी तयार होण्यापूर्वीच ठरवून ठेवलेले असते, आणि वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या लोकांनी त्याची तीन वेगळी उत्तरे दिली. कोणी गाडी कडक सोडली, कोणाची मऊ पडली, कोणी मधला मार्ग काढला. या लेखात त्या तीन उत्तरांचा इतिहास मांडतो, आणि मग तो बीड–मांजरसुंबा–केज रस्त्यावरच्या एका गाडीला लावून पाहतो.

स्प्रिंग आणि शॉकअप

आधी एक घोटाळा दूर करायला हवा. गाडीचे वजन शॉकअप पेलत नाही, ते स्प्रिंग किंवा कमानपाटे पेलतात. चाक खड्ड्यातून वर आले की स्प्रिंग दबते आणि तो धक्का आपल्यात साठवते. पण साठवलेले ती परत देतेच, म्हणून नुसत्या स्प्रिंगवरची गाडी झोपाळ्यासारखी हलत राहील. शॉकअपचे काम तो हेलकावा जिरवण्याचे. नळीत तेल, तेलात दट्ट्या आणि दट्ट्याला बारीक छिद्रे. दट्ट्या हलला की तेलाला छिद्रांतून वाट काढावी लागते, आणि त्या धडपडीत हालचालीची उष्णता होते. छिद्रे बारीक तर शॉकअप कडक, मोठी तर मऊ. पुढे आलेल्या सगळ्या इलेक्ट्रॉनिक करामती या वाटेची रुंदी कमी-जास्त करण्यासाठी, किंवा तेलाचा दाटपणा बदलण्यासाठी आहेत.

जुन्या कमानपाट्यांना शॉकअपची गरज कमी भासे, कारण पाटे एकमेकांवर घासत आणि त्या घर्षणातच हेलकावा बराचसा जिरे. मोटारींचा वेग वाढला तसे हे घर्षण अपुरे पडू लागले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये त्रुफो यांनी घर्षणावर चालणारा शॉकअप काढला, अमेरिकेत हार्टफर्ड यांनी तो विकला, आणि पुढे तेलाच्या शॉकअपने त्याची जागा घेतली. भारतात शॉकअपचे उत्पादन सुरू करण्याचा मान गॅब्रिएल इंडियाकडे जातो. ही कंपनी १९६१ मध्ये स्थापन झाली आणि तिचा पहिला कारखाना मुंबईत मुलुंडला होता.

चाल बदलण्याची हौस मात्र इलेक्ट्रॉनिक्सच्या कितीतरी आधीची आहे. १९३२ च्या पॅकार्ड गाड्यांत चालकासमोर एक दांडी होती. ती ओढली की शॉकअपमधली तेलाची वाट बदले. त्याच दशकात रोल्स-रॉइस आणि बेंटलीच्या काही गाड्यांत अशीच कळ स्टिअरिंगच्या चाकावर आली. या यंत्रणांना बिघाडाचा संदेश नव्हता, आणि तशी गरजही नव्हती. चालकाचा हात आणि शॉकअप यांच्यामध्ये तार, दांडा किंवा तेलाची नळी होती. तार अडकली तर शॉकअप जिथे होता तिथेच राही, आणि दांडी हलेनाशी झाल्याने ते हातालाच कळे.

हात सुटला आणि वीज आली

हा धागा तुटला तो १९८० च्या दशकात. टोयोटाने १९८३ मध्ये सोअरर या गाडीत इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे शॉकअप दिले. आता चालकाचे बटण केवळ एक इच्छा कळवत होते. वेग, वळण आणि ब्रेक पाहून शॉकअप कडक करायचा की मऊ, हे एक छोटी संगणक-पेटी ठरवत होती आणि विजेच्या तारेतून हुकूम देत होती. सोय मोठी होती, पण एक नवा प्रश्न उभा राहिला. तार तुटली, फ्यूज उडाला किंवा पेटीच बंद पडली, तर शॉकअपने काय करायचे? चालकाच्या हाताला काहीच कळणार नव्हते. म्हणून दोन गोष्टी एकदमच ठरवणे भाग पडले. वीज नसताना शॉकअप कोणत्या अवस्थेत जाईल ही पहिली, आणि चालकाला ते कसे सांगायचे ही दुसरी. आजचा पिवळा संदेश या दुसऱ्या गोष्टीतून जन्मला.

पहिले उत्तर : कडक

१९८९ मध्ये सित्रोएनने एक्सएम ही गाडी आणली. तिच्यात लोखंडी स्प्रिंगऐवजी दाबाखालचा वायू भरलेले गोल होते. प्रत्येक चाकाला एक गोल, आणि त्याशिवाय पुढच्या जोडीसाठी एक व मागच्या जोडीसाठी एक असे जादा गोल. जादा गोल जोडलेला असताना वायूची जागा वाढे, तेलाला जास्त वाटा मिळत आणि गाडी गादीसारखी चाले. वळण, जोराचा ब्रेक किंवा गॅसच्या पायाची घाई दिसली की संगणक तो गोल तोडून टाकी आणि गाडी क्षणात आवळून येई.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की जादा गोल जोडून ठेवण्यासाठी झडपेला वीज लागे. वीज गेली की झडप मिटे, गोल तुटे आणि गाडी कडक होई. ही निवड विचारपूर्वक होती. भर वेगात वळणावर असताना गाडी अचानक मऊ पडली तर ती कलंडल्यासारखी झुकेल आणि चालक गांगरेल. उलट ती अचानक कडक झाली तर फार तर प्रवाशांची हाडे वाजतील. सुरुवातीच्या एक्सएमच्या विजेच्या जोडण्या कच्च्या निघाल्या अशी ख्याती आहे, आणि त्यामुळे पुष्कळ मालकांनी ही कडक चाल अनुभवली. आरामासाठी घेतलेली गाडी दगडासारखी चालते, अशी तक्रार घेऊन येणाऱ्याच्या गाडीत गोल आणि तेल दोन्ही चांगले असू शकत. गेलेली असे ती फक्त झडपेची वीज.

दुसरे उत्तर : मऊ

दुसऱ्या उत्तराची सुरुवात एका वेगळ्याच द्रवापासून झाली. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये जेकब रॅबिनाऊ या संशोधकाने तेलात लोखंडाची बारीक पूड मिसळून पाहिली. चुंबकाचा प्रभाव पडताच हे कण साखळ्यांसारखे रांगेत उभे राहतात आणि द्रव लोण्यासारखा घट्ट होतो. चुंबक काढला की तो पुन्हा पातळ. डेल्फी कंपनीने हेच तत्त्व शॉकअपमध्ये आणले, आणि २००२ सालच्या कॅडिलॅक सेव्हिलमध्ये मॅग्नेराइड या नावाने ते पहिल्यांदा विक्रीला आले. यात हलणारी झडपच नाही. दट्ट्यात तारेचे वेटोळे आहे, त्यातून जितकी वीज तितके तेल घट्ट.

येथे आराखडा करणाऱ्याला निवडीला फारसा वाव उरत नाही. वीज नाही म्हणजे चुंबक नाही, चुंबक नाही म्हणजे तेल पातळ. बिघाड झाला की हा शॉकअप आपल्या सर्वांत मऊ अवस्थेत जातो. गावातल्या वेगात हे सुखाचे वाटेल, पण महामार्गावर गाडी खोलगट भागातून वर आल्यावर तरंगत राहते आणि गल्ली बदलताना अंग झुकवते. शॉकअप कामातून गेला तर वेगावरच बंधन हवे, ही जाणीव त्या काळच्या शेवरोले कॉर्व्हेटच्या पडद्यावर दिसते. तिच्यात साधी तक्रार असेल तर SERVICE RIDE CONTROL असे शब्द येत. शॉकअप पूर्ण बंद पडले तर SHOCKS INOPERATIVE असे येई, आणि सोबत ताशी ८० मैलांची, म्हणजे सुमारे १२९ किलोमीटरची, वेगमर्यादा सांगितली जाई. चाल बिघडली याचा अर्थ आराम गेला एवढाच नसून वेगाची मुभाही गेली, हे इतक्या स्पष्टपणे लिहिलेले दुसरे उदाहरण मला भेटले नाही.

तिसरे उत्तर : मधले

आपल्याकडे दिसणाऱ्या बहुतेक युरोपीय गाड्या तिसऱ्या घराण्यातल्या आहेत. जर्मनीतील श्वाइनफुर्टच्या साक्स कारखान्याने विकसित केलेला सीडीसी शॉकअप २००४ च्या ओपेल अॅस्ट्रासारख्या मध्यम किमतीच्या गाडीत उतरला. २००८ मध्ये फोक्सवॅगनने पसाट सीसीत डीसीसी नावाची आपली यंत्रणा दिली. यात तेल साधेच असते, पण त्याच्या वाटेवर विजेवर चालणारी झडप असते. ही झडप दोन-तीन ठरावीक जागांवर थांबणारी नसून मऊ ते कडक यांमधली कोणतीही जागा घेऊ शकते.

वीज पूर्ण गेली तर ती कोठे जाईल? या घराण्यातल्या झडपेत त्यासाठी एक वेगळी, ठरावीक मापाची वाट ठेवलेली असते. वीज नसताना झडपेतली स्प्रिंग आतला भाग ढकलते आणि तेल या राखीव वाटेने जाऊ लागते. तिचे माप असे निवडतात की गाडी साध्या शॉकअपच्या, थोड्या कडकपणाकडे झुकणाऱ्या गाडीसारखी चालावी. आणखी एक पथ्य असे की बिघाड एकाच चाकाचा असला तरी संगणक सहसा चारही शॉकअप या मधल्या अवस्थेत नेतो. एक चाक मधले, तीन मऊ अशी गाडी जोराच्या ब्रेकला एका बाजूला ओढल्यासारखी वागेल, त्यापेक्षा चारही सारखे बरे.

अशा गाड्या आपल्या भागात कशा आल्या? ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादकरांनी एकत्र येऊन एकदम १५० मर्सिडीज घेतल्या, ही बातमी देशभर गाजली होती. त्याच शहराबाहेर शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाच्या गाड्या जुळवल्या जात होत्या. या गाड्यांपैकी काही मोजक्याच मॉडेलांना बदलते शॉकअप होते, पण महागड्या गाड्यांची सवय आणि पुढे त्यांचा जुना बाजार मराठवाड्यात याच काळात रुजला. दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातून त्या बीड, अंबाजोगाई, परळीपर्यंत पोचल्या. आता तर नोव्हेंबर २०२४ मध्ये महिंद्राने सादर केलेल्या, चाकणला तयार होणाऱ्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या विजेच्या गाड्यांच्या वरच्या प्रकारांतही असे शॉकअप आले आहेत.

बीडचा रस्ता काय विचारतो

उरलेली चाल कशी जाणवेल हे रस्त्यावरही अवलंबून असते. गाडीच्या अंगाला स्वतःचा एक ठेका असतो. साधी मोटार स्प्रिंगवर सेकंदाला साधारण १ ते १.५ वेळा वर-खाली होऊ पाहते. चाकाचा ठेका वेगळा, सेकंदाला १० ते १५ वेळा. रस्त्याने यांपैकी एखादा ठेका धरला की शॉकअपची परीक्षा लागते.

बीड जिल्ह्यात हे दोन्ही ठेके भेटतात. काळी कापसाची जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. तिच्यावरचे जुने डांबरी रस्ते फुटले नाहीत तरी लाटांसारखे होतात. समजा दोन लाटांत १० मीटर अंतर आहे आणि गाडीचा वेग ताशी ५० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. तर सेकंदाला १.४ लाटा भेटतील. हा अगदी गाडीच्या अंगाचा ठेका. येथे मऊ शॉकअपची गाडी होडीसारखी डुलते आणि कडक शॉकअप तिला धरून ठेवतो.

आता गावाआधीच्या पांढऱ्या पट्ट्यांचे पाहू. अर्धा-अर्धा मीटर अंतरावरच्या पट्ट्यांवरून ताशी २५ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला ७ मीटरने गेले, तर सेकंदाला १४ ठोके बसतात. हा चाकाचा ठेका. येथे कडक शॉकअप प्रत्येक ठोका आसनापर्यंत पोचवतो, मऊ असेल तर फक्त गुरगुर ऐकू येते. उसाच्या हंगामात भरलेल्या ट्रॉल्यांनी रस्त्याच्या कडा दाबल्या जातात आणि ठिगळांच्या कडा उभ्या राहतात, त्यांचेही असेच. म्हणजे एकच मधली चाल लाटांवर बरी वाटेल आणि पट्ट्यांवर बोचेल. बिघाडानंतरच्या चालीविषयी दोन प्रवासी उलट सांगतात, ते दोघेही आपापल्या रस्त्यापुरते खरे असतात.

एक गाडी, एक संदेश

आता प्रत्यक्ष उदाहरण. मी पॉलिटेक्निकमध्ये ऑटोमोबाइल शिकवून निवृत्त झालो, म्हणून ओळखीतले लोक अशा अडचणी माझ्याकडे आणतात. बीडच्या एका डॉक्टरांनी पुण्याहून जुनी युरोपीय सेडान घेतली होती. केजला त्यांचे आठवड्यातून दोनदा जाणे. पावसाळ्याच्या शेवटी शॉकअपचा संदेश उमटला. बाहेरच्या शहरातल्या एका वर्कशॉपने चारही शॉकअप बदलावे लागतील असे सांगितले, आणि खर्चाचा आकडा गाडीच्या उरलेल्या किमतीच्या एक तृतीयांश निघाला. डॉक्टरांनी मला विचारले, “सर, गाडी विकून टाकू का?”

पहिल्यांदा आम्ही गाडी सपाट फरशीवर उभी करून चारही कोपऱ्यांची उंची मोजली, चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंत. डावी-उजवी सारखी होती. हे पाहणे आवश्यक असते, कारण हवेच्या फुग्यांवर चालणाऱ्या गाडीत एखादा कोपरा बसला असेल तर तो बिघाड वेगळा. ती गाडी तशीच हाकली तर टायर पत्र्याला घासू शकतो. डॉक्टरांच्या गाडीत स्प्रिंग लोखंडी होत्या, म्हणून ती सावकाश चालवायला हरकत नव्हती.

मग मांजरसुंबा घाटाच्या दिशेने फेरी मारली. एकच पट्टा, एकच वेग, आधी आरामाचे बटण आणि मग स्पोर्टचे. पांढऱ्या पट्ट्यांवर दोन्ही वेळा सारखेच बोचले. लाटांवर दोन्ही वेळा गाडी बऱ्यापैकी सावरली, पण पुढचा भाग एकेक जादा हेलकावा घेत होता. त्याची मी नोंद ठेवली. बटणाने काहीच बदलत नाही, म्हणजे यंत्रणा राखीव अवस्थेत गेली आहे. चाल मधली आहे, म्हणजे हे तिसरे घराणे. एवढे गाडीत बसूनच कळले.

पुढचे काम जालना रोडवरच्या एका तरुण मिस्त्रीच्या गॅरेजात झाले. त्याने आधी बॅटरी पाहिली, कारण बॅटरी दमली असेल तर स्टार्टर फिरताना दाब खाली जातो आणि असले संदेश उगाच उमटतात. बॅटरी बंद गाडीत १२.५ व्होल्ट दाखवत होती, ती ठीक होती. स्कॅनर लावल्यावर नोंद निघाली ती मागच्या डाव्या शॉकअपच्या झडपेचे मंडल खंडित असल्याची. शॉकअप गेला असे ती नोंद म्हणत नव्हती. ती म्हणत होती की या वाटेने वीज जात नाही.

गाडी बंद करून चारही झडपांच्या जोडण्या सोडवल्या आणि मीटर लावला. तीन झडपांनी २.१, २.२ आणि २.१ ओहम दाखवले. मागच्या डाव्याच्या झडपेवरच थेट मीटर लावला तर तिथेही २.२. म्हणजे झडप शाबूत. संगणकाच्या बाजूने, तारेसकट मोजले तेव्हा मात्र आकडा येईना, आणि तार हलवली की क्षणभर येऊन पुन्हा जाई. मिस्त्री म्हणाला, “सर, शॉकअप गेलाच नाही. वायर मेलीय.” चाकाच्या कमानीत, चिखल उडतो तिथे, जोडणीच्या टोकावर हिरवा गंज चढला होता आणि आतला तांब्याचा धागा वेष्टणाखालीच तुटला होता. खराब तुकडा कापून नवी तार डाखली, वर गरम करून आवळणारी नळी चढवली, जोडणीचे टोक बदलले आणि तार चाकापासून दूर बांधली. स्कॅनरने जुनी नोंद पुसली. संदेश गेला तो पुन्हा आला नाही.

संदेशाला काय दिसत नाही

येथे गोष्ट संपली असती, पण पुढचा जादा हेलकावा माझ्या वहीत होता. दुरुस्तीनंतर त्याच पट्ट्यावरून त्याच वेगाने गेलो. आरामाच्या बटणावर पांढरे पट्टे आता नुसते गुरगुरले, स्पोर्टवर बोचले. यंत्रणा जागी झाली होती. पण लाटांवर पुढचा भाग अजूनही डुलत होता, आणि स्पोर्टवरही तो हवा तितका आवळला जात नव्हता. गाडी लिफ्टवर घेतली. पुढच्या उजव्या शॉकअपवर धुळीत माखलेला तेलाचा ओला पट्टा होता. त्याच्या झडपेने मात्र निर्दोष २.१ ओहम दाखवले होते.

या संदेशाची मर्यादा तीच आहे. संगणक वीज मोजतो. झडपेतून ठरल्याइतकी वीज जाते का, उंचीचे आणि हालचालीचे सेन्सर पटेल असा आकडा देतात का, एवढे त्याला कळते. नळीत तेल किती उरले आहे हे सांगणारा सेन्सर या शॉकअपमध्ये नसतो. म्हणून तेल निम्मे गळाले तरी पडदा स्वच्छ राहू शकतो, आणि शॉकअप उत्तम असताना दोन इंच तारेपायी पडदा पिवळा होऊ शकतो. डॉक्टरांच्या गाडीत दोन्ही एकाच वेळी होते. ज्याविषयी गाडी बोलत होती तो बिघाड स्वस्तातला होता, आणि जो खर्चाचा होता त्याविषयी ती गप्प होती. शेवटी पुढचे दोन शॉकअप जोडीने बदलले, मागचे दोन तसेच ठेवले. खर्च आला, पण सांगितलेल्या आकड्याच्या निम्म्याहून कमी.

या मर्यादेचा एक गैरवापरही चालतो. बदलता शॉकअप महाग म्हणून त्याजागी साधा शॉकअप बसवतात. मग झडपच नसल्याने संदेश कायम जळत राहतो. तो गप्प करण्यासाठी तारेच्या टोकाला योग्य ओहमचा रोध जोडतात. संगणकाला वाटते झडप जागेवर आहे, पडदा स्वच्छ होतो, बटणेही उजळतात, आणि चाल मात्र एकच राहते. गाडीच्या वयामुळे नाइलाज असेल तर साधा शॉकअप लावणे समजू शकते, पण चारही एकसारखे हवेत आणि पुढच्या ग्राहकाला ते सांगायला हवे. जुनी गाडी घेताना हे ओळखण्याचा मार्ग सोपा आहे. ठोके देणारा एखादा पट्टा निवडा, एकाच वेगाने दोनदा जा, एकदा मऊ आणि एकदा कडक बटणावर. पडद्यावर बिघाड नाही आणि दोन्ही फेऱ्यांत फरकही नाही, तर चाकामागे वाकून तार कोठे जाते ते पाहा.

आपल्या गाडीत संदेश आला तर पहिला प्रश्न असा, की चाल कोणत्या बाजूला गेली? सर्वांत मऊ पडली असेल तर घाटात आणि महामार्गावर वेग कमी ठेवावा, गल्ली हळू बदलावी. कडक किंवा मधली झाली असेल तर घाटात गाडी सावरते, पण तुटक्या, खडबडीत डांबरावर कडक चाक रस्त्यावर टेकून राहण्याऐवजी उडते, म्हणून तिथे ब्रेकला जास्त अंतर धरावे. नव्या गाडीच्या पुस्तिकेत या संदेशाखाली कंपनीने वेगाविषयी काही लिहिले असेल तर तेच प्रमाण मानावे. आणि चारही शॉकअप बदलण्यापूर्वी तीन आकडे मागून घ्यावेत : बॅटरीचा दाब, स्कॅनरने नोंदवलेले चाक, आणि त्या चाकाच्या झडपेचा तारेसकट व तारेशिवाय मोजलेला रोध. शेवटच्या आकड्याच्या दोन मोजण्यांत फरक निघाला, तर बदलायची आहे ती तार.